येणाऱ्या मॅनेजरसाहेबांस (किंवा मॅनेजरबाईंस)

तुमचं नाव अजून एचआरलाही ठाऊक नाही, पण तुम्ही येणार हे नक्की. गूगल अ‍ॅड्स उघडलंत की पहिल्याच दिवशी तुमचे हात शिवशिवतील. शिवशिवू द्या, फक्त माउसवर ठेवू नका.

आपण पुण्यातून परदेशात फराळ पाठवतो. त्यासाठी अमेरिकेच्या दोन कॅम्पेन दिसतील, ‘मुलं’ आणि ‘आई’. कोणताही कोर्स केलेला माणूस म्हणेल, माल एक, देश एक, मग कॅम्पेन दोन कशाला? कारण बजेट आणि ठिकाण कॅम्पेनच्या पातळीवर ठरतं, आणि आपला चिवडा खाणारा न्यू जर्सीत असला तरी पैसे भरणारी बऱ्याचदा साताऱ्यात असते. ‘मुलं’ अमेरिकेत राहणाऱ्यांनाच दिसते. ‘आई’ महाराष्ट्रात असणाऱ्यांना दिसते आणि ‘फराळ अमेरिकेत पाठवणे’ अशा शोधांवर चालते. आई नवरात्राच्या आधीच चौकशी सुरू करते. मुलाला दिवाळी आठवते ती इन्स्टाग्रामवर पणत्या दिसल्यावर, आणि तोवर पार्सल वेळेत पोचायची आशा संपलेली असते. दोघांना एका बजेटात कोंबलंत तर कोणाच्या वाट्याला किती गेलं ते तुमच्या हातात राहत नाही.

नकारात्मक शब्दांच्या यादीत ‘चकली रेसिपी’ आणि ‘chakli recipe’ दोन्ही आहेत. एक जादा वाटून उडवू नका. तिथे गूगल समानार्थी शब्द आपण होऊन धरत नाही. एक उडवलात की सोऱ्या हातात घेऊन बसलेल्या सगळ्या गृहिणींच्या क्लिकचे पैसे आपण भरणार.

शेठ सकाळी नऊला फोन करतील, “दिवसाला दोन हजार ठरले होते, काल साडेतीन कसे गेले?” गूगल एखाद्या दिवशी दुप्पटही खर्च करतं, पण महिन्याला रोजच्या बजेटच्या 30.4 पटींवर, म्हणजे 60,800 वर, बिल नेत नाही. हे त्यांना दर महिन्याला नव्याने सांगावं लागतं. ते स्वतःची जाहिरात रोज शोधूनही बघतात आणि क्लिक करत नाहीत. असं वारंवार केलं की गूगल त्यांना ती दाखवणंच थांबवू शकतं, मग “जाहिरात बंद पडली” म्हणून दुसरा फोन. त्यांना जाहिरातीच्या पूर्वदर्शनाचं साधन उघडून द्या.

आता चालू प्रयोग. ‘आई’मध्ये निम्म्या लोकांना जुनं पान दिसतं, ज्यात पाठवणीचा खर्च शेवटी कळतो. निम्म्यांना नवं, ज्यात तो आधीच किमतीत धरलाय. आजवर जुन्यावर 8 ऑर्डरी, नव्यावर 13. शेठ पेढे मागवायला निघालेत. थांबवा त्यांना. माझा ढोबळ हिशेब असा: दोन्हींची बेरीज 21, तिचं वर्गमूळ साधारण 4.6, त्याची दुप्पट 9.2. फरक आहे 5. एवढा फरक नुसत्या नशिबानेही पडतो. हेच आकडे 80 आणि 130 असते तर पेढे मीच आणले असते.

शिवाय गेल्या आठवड्याचे आकडे नेहमी पडेल दिसतात. गूगल ऑर्डर क्लिकच्या तारखेला मांडतं, पैसे भरल्याच्या नाही. आई सोमवारी क्लिक करते, मग अनारसे घ्यायचे की नाही यावर सुनेशी व्हिडिओ कॉल होतो, आणि पैसे पडतात शनिवारी. तेव्हा सोमवारचा आकडा फुगतो. त्यामुळे शेवटचा आठवडा सोडून निकाल लावा. आणखी एक फट आहे. ही वाटणी कुकीवर चालते, म्हणजे आईच्या मोबाइलवर नवं पान आणि बाबांच्या लॅपटॉपवर जुनं असू शकतं. त्यावरून त्या घरात भांडण झालं तर आपला इलाज नाही. प्रयोग दसऱ्यापर्यंत चालू द्या आणि मध्ये फक्त एका बाजूचं बजेट किंवा मजकूर हलवू नका, नाहीतर फरक पानामुळे पडला की तुमच्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

राहिल्या किल्ल्या. एक सामायिक लॉगिन होतं. त्याचा पासवर्ड पॅन्ट्रीतल्या फ्रिजवर चिकटवलेला आणि ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर. ते बंद केलंय. आता प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल, आणि अ‍ॅडमिन दोघे: शेठ आणि मी. तुम्ही अ‍ॅडमिन झालात की त्याच दिवशी मला काढा. पण फक्त अ‍ॅड्समधून काढून हात झटकू नका. अ‍ॅनालिटिक्स, टॅग मॅनेजर आणि पेमेंट प्रोफाइल यांच्या माणसांच्या याद्या वेगवेगळ्या असतात, तिथे मी ठाण मांडून बसलेलाच असेन.

शेठचा भाचा अ‍ॅडमिन हक्क मागेल. त्याला फक्त बघण्यापुरता प्रवेश द्या. हाताला बटण नसलं की तो सल्ले देतो, आणि त्यासाठी दुपारी चारला तुमच्या खुर्चीशेजारी येऊन बसतो. ती जादा खुर्ची मी स्टोअररूममध्ये ठेवलीय.