रिचार्जची तारीख मागे का सरकते? नवशिक्यांसाठी सचित्र (चित्रे स्वतः काढावीत) मार्गदर्शक

साहित्य : भिंतीवरचे कालनिर्णय, एक पेन आणि स्वतःची डावी मूठ. मोबाइल लागेलच असे नाही. पॅक संपलेला असेल तर त्याचा तसाही काही उपयोग नाही.

आपला नमुना विद्यार्थी महाळुंग्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी करतो असे समजा. पगार सात तारखेला, म्हणून रिचार्जही सात तारखेला. आठ तारीख उजाडली की घरभाडे, किराणा आणि गावाकडचे पैसे पगार वाटून घेतात. ७ जानेवारीला त्याने ३० दिवसांचा पॅक मारला. ३० दिवस म्हणजेच महिना, हे त्याने गृहीत धरले होते. इथे पेन उचलावे.

कालनिर्णयावर ७ जानेवारीपासून तीस-तीस दिवस मोजत पुढच्या रिचार्जच्या तारखांना गोल करत जा. ६ फेब्रुवारी. मग ८ मार्च. मग ७ एप्रिल, ७ मे, ६ जून, ६ जुलै, ५ ऑगस्ट, ४ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर, ३ डिसेंबर आणि शेवटी २ जानेवारी. वर्ष पुरे व्हायला पाच दिवस असताना तेरावे रिचार्ज दारात उभे, आणि पगाराचा अजून पत्ता नाही.

आता मूठ वळा. बोटांच्या मुळाशी जे उंचवटे दिसतात ते ३१ दिवसांचे महिने, मधल्या खळग्यांत उरलेले. जुलैपाशी उंचवटे संपले की ऑगस्टसाठी पुन्हा पहिल्या उंचवट्यावर यायचे. ३१ दिवसांचे महिने सात भरतात. त्यातला प्रत्येक महिना आपली तारीख एक दिवस मागे ओढतो. ३० दिवसांचे चार महिने तिला हात लावत नाहीत. २८ दिवसांचा फेब्रुवारी मात्र ती दोन दिवस पुढे ढकलतो. सातातून दोन वजा, राहिले पाच. कंपनीने काही लपवलेले नसते, पॅक दिवस मोजतो आणि पगार तारीख पाहतो एवढेच.

यावर तोड म्हणजे कॅलेंडर महिन्याचा पॅक. दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होईल असा किमान एक आणि ३० दिवसांचा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा, असा आदेश ट्रायने २७ जानेवारी २०२२ रोजी काढला. ती तारीख एखाद्या महिन्यात नसेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. जिओने त्याच वर्षी मार्चमध्ये २५९ रुपयांना असा पॅक आणला, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीत तो ३१९ चा झाला. रोज दीड जीबी. तेवढाच डेटा देणारा २८ दिवसांचा पॅक तेव्हा २९९ चा होता.

हिशेब याच दरांनी करू. कॅलेंडरचे बारा रिचार्ज म्हणजे ३,८२८ रुपये. तुलनेसाठी समजा ३० दिवसांचा पॅकही ३१९ लाच मिळाला. मग दिवसाला १० रुपये ६३ पैसे पडतात आणि ३६५ दिवसांचे ३,८८१ होतात. त्या पाच दिवसांची किंमत ५३ रुपये. २९९ वाला दिसायला स्वस्त, पण दिवसाला १० रुपये ६८ पैसे पडतो आणि वर्षाला सुमारे ३,८९८ वर जातो. वीस रुपयांची सूट देऊन सत्तर परत घेण्याची ही कला शिकण्यासारखी आहे.

पण कॅलेंडरवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. ७ फेब्रुवारीला ३१९ भरले तर ७ मार्चपर्यंत २८च दिवस मिळतात, म्हणजे दिवसाला ११ रुपये ३९ पैसे. त्याच दिवशी २९९ चा पॅक घेतला तरी पुढचे रिचार्ज ७ मार्चलाच येते. म्हणून हुशार विद्यार्थ्याने फेब्रुवारीपुरता पक्ष बदलावा : तारीख जागेवर, वीस रुपये खिशात, वर्षाचा खर्च ३,८०८. लीप वर्षात ही युक्ती एका दिवसाने चुकते. २०२८ साली तसे कराल तर ६ मार्चलाच रिचार्ज करावे लागेल.

आणखी एक धोका. सात तारखेला पगार झाला नाही आणि नऊला रिचार्ज केले, तर नवा महिना नऊपासूनच सुरू होतो. कॅलेंडर पॅक तुमची आधीची तारीख राखून ठेवत नाही. दुकानदाराला "महिन्याचा मारा" एवढेच सांगितले तर तो कोणताही मारू शकतो. त्यामुळे पैसे देण्याआधी वैधतेच्या जागी "३० दिवस" लिहिले आहे की "१ महिना", ते वाचून घ्यावे, आणि मारून झाल्यावर अ‍ॅपमध्ये संपण्याची तारीख पाहावी. एकतीस दिवसांच्या महिन्यात रिचार्ज केले असेल तर तिथे एका दिवसाचा फरक दिसतो. जून किंवा नोव्हेंबरमध्ये केले असेल तर काहीच दिसत नाही, दोन्ही पॅक एकाच तारखेला येऊन थांबतात, आणि त्या महिन्यात दुकानदाराशी वाद घालू नये.