‘पुढच्या गाडीत टाकतो’

पुरवठादाराच्या गोदामातून निघालेला माल आणि बांधकामाच्या जागेवर उतरलेला माल हे दोन्ही एकच असतात, असे गृहीत धरून जो कागद लिहिला जातो त्याला डिलिव्हरी चलन म्हणतात. वस्तू व सेवा कराच्या नियमांप्रमाणे बनवलेले चलन तीन प्रतींत असते. पहिली माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची आणि तिसरी माल पाठवणाऱ्याची. तिन्ही प्रतींवर आकडा एकच असल्यामुळे कागदोपत्री माल कधीच कमी पडत नाही, आणि तो कमी पडला आहे हे सिद्ध करण्याची सगळी जबाबदारी ज्याच्याकडे तो पोचलेलाच नाही त्याच्यावर येऊन पडते. नसलेल्या वस्तूचा पुरावा देण्याचे असे काम तर्कशास्त्रातही अवघड मानले जाते. बांधकामाच्या जागेवर ते बहुधा रखवालदारावर सोपवलेले असते.

या व्यवहाराचे स्वरूप लोखंडी सळईच्या बाबतीत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते, कारण सळई मोजताही येते आणि तोलताही येते, आणि भांडणासाठी दोन मापे उपलब्ध असणे उभयपक्षी सोयीचे असते. बारा मिलिमीटर व्यासाची सळई प्रमाणित कोष्टकानुसार मीटरला ०.८८८ किलो भरते. म्हणजे बारा मीटर लांबीच्या एका सळईचे वजन सुमारे १०.६६ किलो होते, आणि पाच सळयांचे एक बंडल साधारण ५३.३ किलोचे असते. समजा, एका इमारतीच्या स्लॅबसाठी अशी १०० बंडले मागवली, चलनावर १०० बंडले, ५०० नग, ५,३३० किलो असे लिहून आले, आणि उतरवून घेताना ९६ बंडले भरली. पुढील सर्व विवेचन या चार बंडलांविषयी आहे.

पहिली अडचण मोजणीची. गाडीत मावावी म्हणून लांब सळई मधोमध दुमडून पाठवली जाते, त्यामुळे तिची दोन्ही टोके एकाच बाजूला येतात. नवा सुपरवायझर ती टोके मोजून बंडलात दहा सळया असल्याचा अहवाल देतो आणि कार्यालयात काही मिनिटे निखळ आनंदाचे वातावरण पसरते. अनुभवी मुकादम दुमडलेल्या बाजूने मोजतो, शिवाय अधूनमधून एखादे बंडल सोडवून पाहतो, कारण चार सळयांचे बंडलही बाहेरून पाच सळयांच्या बंडलाइतकेच सालस दिसते. माल जादा आला तर काय करावे याची तरतूद १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ३७ व्या कलमात आहे. खरेदीदाराने ठरलेला माल ठेवून उरलेला नाकारावा, सगळाच नाकारावा, किंवा सगळा ठेवून ठरलेल्या दराने पैसे द्यावेत, असे ते कलम सांगते. परंतु जादा मालाबद्दल लिहिलेली पत्रे व्यापारी दप्तरांत फारच दुर्मीळ आहेत, आणि कमी मालाबद्दलच्या पत्रांनी मात्र फायली फुगलेल्या असतात.

दुसरी अडचण वजनाची, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांच्या वजनांतील फरक म्हणजे मालाचे निव्वळ वजन, हे तत्त्व सोपे असले तरी गाडीत ड्रायव्हर आणि क्लीनर नावाचे दोन सजीव घटक असतात, आणि भरलेली गाडी काट्यावर असताना केबिनमध्ये बसून राहण्याची व रिकामी गाडी काट्यावर असताना चहाला उतरण्याची त्यांची सवय निव्वळ वजनात शंभर-सव्वाशे किलोंची भर घालू शकते. म्हणून दोन्ही वेळा त्यांना एक तर गाडीत तरी बसवावे किंवा चहाला तरी पाठवावे. पुरवठादाराच्या काट्यावरचे भरलेले वजन आणि आपल्या काट्यावरचे रिकामे वजन यांची वजाबाकी तर मुळीच करू नये, कारण मधल्या रस्त्यात जळलेले डिझेलही मग लोखंडाच्या खात्यावर लागते. प्रस्तुत उदाहरणात जागेजवळच्या काट्यावर भरलेली गाडी ११,४८० किलो आणि रिकामी ६,३७० किलो भरली असे धरले, तर माल ५,११० किलो होतो. चलनापेक्षा २२० किलो कमी. चार बंडलांतील २० सळयांचे कोष्टकी वजन २१३ किलो आणि काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवणारा, म्हणजे नग आणि वजन या दोन साक्षीदारांची जबानी जुळली. असा योग आला की सुपरवायझरच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते स्लॅब पूर्ण झाल्यावरही येत नाही.

मात्र नग पूर्ण ५०० भरले असते आणि वजन तेवढेच ५,११० किलो आले असते, तर प्रकरण निराळे झाले असते. मग प्रत्येक सळई कोष्टकापेक्षा सुमारे चार टक्के हलकी आहे असा अर्थ झाला असता, आणि या जाडीच्या सळईला भारतीय मानकाने पाच टक्के कमी-अधिक वजनाची मुभा दिलेली असल्याने सळईत दोष काढता आला नसता. अशा वेळी बिल कशावर केले आहे एवढाच प्रश्न उरतो. प्रत्यक्ष काट्यावरच्या वजनाने बिल केले असेल तर २२० किलोंचे पैसे मागता येतात. नग गुणिले कोष्टकी वजन असा सौदा असेल तर ती सूट पुरवठादाराच्या पदरात पडते आणि खरेदीदाराने पुढच्या मागणीपत्रात ‘काट्याच्या वजनाप्रमाणे’ हे शब्द घालून समाधान मानावे. ही चौकशी न करता पाठवलेले तक्रारपत्र पुरवठादार मोठ्या आपुलकीने जपून ठेवतो.

या सर्व प्रकरणाचा निकाल पुढे जाणाऱ्या पत्रांत लागत नसून फाटकावरच लागतो, हे या विषयाचे मर्म होय. चलनाच्या तळाशी ‘माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला’ हे वाक्य छापलेलेच असते. ड्रायव्हरला परतीची घाई असते, हमाल वाराईसाठी, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीसाठी, खोळंबलेले असतात, आणि अशा वेळी ज्याच्या हाती पेन असेल तो सही करून मोकळा होतो. ‘मोजणीच्या अधीन राहून’ असा शिक्का मारण्याची चाल आहे खरी, पण तिच्यातून मोजणी कधी झाली हे कळत नाही. त्यापेक्षा सही करण्यापूर्वी छापील वाक्यावर रेघ मारून वाहतूकदाराच्या प्रतीवर ‘१०० पैकी ९६ बंडले मिळाली, ४ बंडले (२० नग) कमी, काटापावती सोबत’ असे लिहावे, दिनांक व वेळ घालावी, गाडीचा क्रमांक टाकावा आणि त्याखाली ड्रायव्हरची सही घ्यावी. ड्रायव्हर ‘साहेब, गाडी मधे कुठंच थांबली नाही’ असे न विचारता सांगतो. हे विधान खरे मानावे आणि सही तरीही घ्यावी. मोबाइलवर प्रतीचा फोटो काढावा, कारण ती प्रत यानंतर ज्या प्रवासाला निघते त्यावरून सगळे चलनकागद परत येतातच असे नाही.

यानंतरचे पत्र त्याच दिवशी जावे, आणि त्यात माल कमी ‘मिळाला’ असे लिहावे, कमी ‘पाठवला’ असे लिहू नये. तूट गोदामात झाली की रस्त्यात, याचा शोध ज्याने गाडी ठरवली त्याने घ्यावा. सौदा साइटपोच असेल, म्हणजे माल जागेवर पोचवण्याची जबाबदारी पुरवठादाराची असेल, तर एकच पत्र पुरते. गाडी खरेदीदाराने केली असेल तर वाहतूकदारालाही लेखी कळवावे लागते. मजकूर इतकाच पुरे: ‘आपल्या अमुक चलनान्वये व बिलान्वये १२ मि.मी. सळईची १०० बंडले (५,३३० किलो) अपेक्षित असता ९६ बंडले (५,११० किलो) मिळाली. ड्रायव्हरच्या सहीची चलनप्रत व काटापावती जोडली आहे. उर्वरित ४ बंडले येत्या शनिवारपर्यंत आपल्या खर्चाने पाठवावीत. न पाठवल्यास २२० किलोंची क्रेडिट नोट द्यावी. तोपर्यंत तेवढी रक्कम बिलातून रोखून धरली आहे.’ पत्रात फसवणूक, विश्वासघात व वीस वर्षांचे संबंध यांचा उल्लेख करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने पत्राचे वजन वाढते, सळईचे वाढत नाही.

शनिवार हा शब्द या पत्राचा कणा आहे. मुदत न घालता ‘माल पाठवा किंवा रक्कम जमा करा’ असे लिहिल्यास पुरवठादार दोन्ही पर्यायांचा आदर राखून तिसराच स्वीकारतो, आणि दूरध्वनीवर ‘पुढच्या गाडीत टाकतो, साहेब’ असे आश्वासन देतो. हे आश्वासन खोटे नसते. चार बंडलांसाठी स्वतंत्र गाडी करणे परवडत नाही, हे खरेदीदारालाही कळते. परंतु पुढची गाडी पुढच्या मागणीची असते, तिच्यात ती चार बंडले मिसळली की कोणती जुनी आणि कोणती नवी हे लोखंड स्वतः सांगत नाही, आणि नव्या बिलात ती पुन्हा मोजली गेली तर एकाच मालाचे पैसे दोनदा जातात. त्यासाठी उर्वरित माल जुन्या बिलाचा क्रमांक लिहिलेल्या वेगळ्या चलनावर यावा, नव्या बिलावर येऊ नये.

माल नकोच असेल, कारण स्लॅब ओतून झाला, तर क्रेडिट नोट घ्यावी. क्रेडिट नोट म्हणजे बिलात जास्त लावलेली रक्कम व त्यावरचा कर कमी केल्याचा पुरवठादाराचा दाखला होय. खरेदीदार आपल्या वहीत डेबिट नोट करतो आणि काम झाले असे समजतो, पण कराच्या हिशेबात त्या कागदाने पुरवठादाराचा कर कमी होत नाही; त्यासाठी त्याचीच क्रेडिट नोट लागते, आणि कराचा लाभ हवा असेल तर ती फार तर पुढील आर्थिक वर्षातील ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवावी लागते. खरेदीदारालाही न मिळालेल्या मालावरचा कर वजावटीत घेता येत नाही. किलोला ५८ रुपये दर धरला तर २२० किलोंचे १२,७६० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे २,२९६ रुपये ८० पैसे, असे एकूण १५,०५६ रुपये ८० पैसे होतात.

प्रत्यक्षात क्रेडिट नोट येते ती १४,५९१ रुपये ४१ पैशांची, कारण पुरवठादाराने २० नगांचे कोष्टकी वजन, म्हणजे २१३.२ किलो धरलेले असते. उरलेल्या ६.८ किलोंसाठी दोन्हीकडचे हिशेबनीस एकमेकांना पत्रे लिहितात, काटापावतीच्या प्रती पुन्हा मागवल्या जातात, आणि दहा किलोंच्या टप्प्याने मोजणारा काटा पावणेसात किलोंविषयी काहीच सांगू शकत नाही हे दोघांनाही ठाऊक असूनही मार्चअखेरपर्यंत कोणी माघार घेत नाही. लेखापरीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी ४६५ रुपये ३९ पैसे कसर-वटाव खात्याला टाकले जातात.