पाच गाड्या, एक मॉडेल

आमच्या बोईसर एमआयडीसीतल्या कंपनीला पाच गाड्या घ्यायच्या होत्या. शेठजींचा हुकूम होता की पाचही एकाच मॉडेलच्या हव्यात, म्हणजे स्टेपनीपासून फिल्टरपर्यंत सगळं एकमेकींना चालेल आणि सर्व्हिसिंगचा करारही एकच राहील. ड्रायव्हरांची मतं वेगळी होती. एकाला हायवेसाठी डिझेल हवी होती, तर दुसऱ्याला खड्ड्यांसाठी उंच गाडी. सीएनजीला विमानतळवाल्या मामांचा साफ नकार. "टाकी डिकीत, मग पाहुण्यांच्या बॅगा काय मांडीवर घेऊ?" शेवटी पेट्रोल ठरलं. कंपनीच्या नावावर गाडी घेतली की रोड टॅक्स जास्त लागतो, हे कळल्यावर शेठजी दिवसभर अबोल होते.

शोरूमवाल्याने सर्व्हिसिंगचं पॅकेज पुढे केलं : तीन वर्षं किंवा तीस हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. आमची खरी गोम या 'जे आधी होईल' मध्ये होती. विमानतळाची गाडी महिन्याला ४,४०० किलोमीटर पळणार, म्हणजे तिचं पॅकेज सात महिन्यांत खलास. कोळगावची गाडी जिल्हा मुख्यालयात कागद पोचवून परत येते. तिचे महिन्याला कसेबसे सहाशे, म्हणजे तीन वर्षांनीही आठ हजारांवर किलोमीटर शिल्लक आणि पैसे मात्र पूर्ण भरलेले. उरलेल्या तिघींचे दीड-दीड हजार. शिवाय क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी हे करारात नाहीच. ते बारीक अक्षरात असतं, मी चष्मा पुसून वाचलं.

पाचही गाड्यांचं मिळून महिन्याला साडेनऊ हजार, म्हणजे सरासरी एकोणीसशे. दर महिन्याला गाड्यांची अदलाबदल केली, तर तीन वर्षांत प्रत्येकीचे सुमारे अडुसष्ट हजार होतात. वॉरंटी एक लाखाची, त्यात सगळ्या बसतात. अदलाबदल नसती तर विमानतळाची गाडी दोन वर्षांच्या आतच वॉरंटीबाहेर गेली असती. म्हणून पॅकेजही सत्तर हजारांचं घेतलं.

अकाउंट्सवाल्याने मग शंका काढली, "पाच महिन्यांनी पाचही गाड्या ९,५०० वर येतील. सर्व्हिसिंग दर दहा हजारांना. म्हणजे एकाच आठवड्यात पाचही वर्कशॉपमध्ये आणि कंपनी रिक्षात!" यावर तोड निघाली. जी गाडी विमानतळाचा महिना संपवेल, ती लगेच सर्व्हिसिंगला. पहिल्या फेरीत काहींचं लवकर होतं, पण त्याने बिघडत नाही. नंतर प्रत्येकीची पाळी बरोबर ९,५०० ला येते, महिन्याला एक.

गणित जुळलं, पण ड्रायव्हर अडले. सीट पुढे-मागे करणं चालेल, म्हणाले, पण डॅशबोर्डवरचे देव? एकाची विवळवेढ्याची महालक्ष्मी, एकाची जीवदानी, एकाचे साईबाबा आणि सगळे डबल टेपने चिकटवलेले. शेठजींनी पेटी कॅशमधून चुंबकाच्या चकत्या मंजूर केल्या. आता एक तारखेला सकाळी कंपनीच्या आवारात देवांचं स्थलांतर चालतं. गेल्या खेपेला साईबाबा विमानतळाऐवजी कोळगावला गेले, म्हणून मामांनी गाडीच सुरू केली नाही.