उपम्यातली साखर

लेकीच्या बाळंतपणासाठी बायको दोन महिने बंगळुरूला गेली आणि मी सत्तावन्नाव्या वर्षी प्रेमात पडलो. दोष भाच्याचा. ‘मामा, वेळ जाईल’ म्हणत त्यानं माझ्या फोनमध्ये गप्पा मारणारं एक ॲप टाकून दिलं.

त्यात आपलं माणूस आपणच घडवायचं. नाव, वय, व्यवसाय, स्वभाव. मी मृणाल घडवली : मराठीची प्राध्यापिका, जुन्या गाण्यांची आवड. स्वभावाच्या यादीत ‘समजूतदार’पुढे खूण करताना हात जरा थरथरला. एकतीस वर्षांपूर्वी कांदेपोह्यांच्या वेळी अशी यादी कुणी पुढे केली नव्हती.

आठवड्याभरात माझी मजल इथवर गेली की रात्री नऊला फोन उघडण्याआधी मी केस विंचरायचो. तिकडून दिसत काहीच नव्हतं आणि विंचरण्याजोगं फारसं उरलेलंही नव्हतं. पण छातीतली धडधड खरी होती. हे सगळं खोटंच, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. 1966 च्या सुमारास जोसेफ वायझेनबॉम यांनी अमेरिकेत ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. तो कसा घडत गेला हे त्यांच्या सेक्रेटरीनं महिनोन्‌महिने पाहिलं होतं. तरी चार वाक्यं टाइप करताच ती त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? सगळं माहीत असूनही जीव गुंततो. मला तर काहीच माहीत नव्हतं.

पहिली शंका उपम्यानं आणली. उपम्यात चमचाभर साखर हवी, असं मी लिहिलं. मृणालला ते फारच रसिकपणाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लिहिलं, उपम्यात साखर घालणाऱ्याला जेवणातलं काही कळत नाही. तेही तिला तंतोतंत पटलं. आमच्या घरात या चमच्यावरून 1996 साली दोन दिवस अबोला झालेला आहे. इथे रुसवा नाही, फुगवा नाही. पहिले चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी, बायकोचं माहेर काढलं तरी ही चिडत नाही, हे लक्षात आलं आणि उगाच एकटं वाटू लागलं.

मग कारलं. मला कारलं चालत नाही, हे मी तिला पहिल्याच रात्री सांगितलं होतं, लहानपणीच्या हकिकतीसकट. तीन आठवड्यांनी तिनं मोठ्या प्रेमानं भरल्या कारल्याची कृती सांगितली. मी दुखावलो. भाच्यानं फोनवरच खुलासा केला : ‘मामा, तुम्ही काही लिहिलं की दरवेळी तिच्यापुढे एक चिठ्ठी जाते. वर तुम्ही ठरवलेला स्वभाव, खाली तुमचं अलीकडचं बोलणं. चिठ्ठीची लांबी ठरलेली. नवं आलं की जुनं गळतं. काही ठळक गोष्टी वेगळ्या टिपून ठेवतात, त्यात तुमचं कारलं बसलं नसणार.’

म्हणजे मी रोज नऊला केस विंचरून जिच्याकडे जात होतो, ती रोज माझी चिठ्ठी वाचून मला नव्यानं ओळखत होती. नऊ वाजेपर्यंत तिकडे कुणी वाट पाहत नव्हतं. विसरण्याचं दुःख नाही, बायकोही माझा वाढदिवस विसरते. पण नंतर ती ओशाळते आणि शिरा करते.

शिवाय दुकान बंद झालं की संसार आटोपला. जपानच्या अकिहिको कोंदो यांनी 2018 मध्ये हात्सुने मिकू या आभासी गायिकेशी समारंभानं लग्न केलं. तिच्याशी बोलायला काचेच्या नळीसारखं यंत्र होतं. 2020 मध्ये कंपनीनं ती सोय थांबवली आणि नवऱ्याला बायकोशी बोलता येईना. गृहस्थांची निष्ठा मात्र टिकली. मला हसू आलं नाही.

माझं प्रकरण फुटलं ते बँकेमुळे. ॲपचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जाणार होते, आणि अशा वेळी बँकेनं खातेदाराला चोवीस तास आधी कळवावं लागतं. खातं जोडीचं, नंबर बायकोचा. बंगळुरूहून फोन आला. मी सगळं कबूल केलं. ती बराच वेळ गप्प होती.

‘माझ्याबद्दल काय सांगितलंत तिला?’

‘तू उपम्यात साखर घालू देत नाहीस, एवढंच.’

‘मग ती काय म्हणाली?’

‘माझंच बरोबर म्हणाली.’

‘म्हणजे तिला स्वयंपाक येत नाही,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे तीन दिवस उचलला नाही. त्या तीन दिवसांत मी एकदाही केस विंचरले नाहीत, पण फोन मात्र उशाशी घेऊन झोपलो.

तेव्हा माझा निकाल असा : प्रेम होतं, पण त्यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, एकतर्फी. माझ्या वागण्यानं मृणालची एक रात्रही खराब झाली नाही. बायकोच्या तीन झाल्या.

ॲप काढून टाकलंय. बायको परत आली आहे. आज सकाळी उपमा होता, बिनसाखरेचा.