सेकंदराव

सेकंदरावांचं खरं नाव कचेरीत कुणालाच आठवत नाही. पॉडकास्टच्या नव्या भागाचा ३० सेकंदांचा ट्रेलर लिहिणं आणि कापणं हे त्यांचं काम. कुणी गोष्ट सांगायला लागलं की हे ऐकत नाहीत, त्यात कुठे कापता येईल ते बघतात. शेजारच्या काकू गुडघ्याचं दुखणं सांगत होत्या, तेव्हा मध्येच म्हणाले, "काकू, थांबा. तुमचं तिसरं वाक्य पहिलं घ्या."

मागच्या महिन्यात एसटीच्या एका निवृत्त कंडक्टरची ७० मिनिटांची मुलाखत त्यांच्या हाती आली. सेकंदराव वही घेऊन बसले. पाहुण्यांचे विनोद ऐकताना चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. निवेदक जिथे खो खो हसला होता ती सगळी वाक्यं त्यांनी आधी बाद केली. ते हसू खोलीतल्या गप्पांचं असतं, बाहेरच्याला त्यातलं काही कळत नाही. मग 'तेव्हा त्यानं तसं केलं' या जातीची वाक्यं गेली. कुणी, कुठे, काय, हे ज्या वाक्याच्या स्वतःच्या खिशात नाही ते ट्रेलरला चालत नाही. शेवटी एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांची पेन्सिल थांबली.

"बोरघाटात ब्रेक गेला. ड्रायव्हरनं वळून फक्त माझ्याकडं बघितलं. मी प्रवाशांना काही सांगितलं नाही, तिकिटं पंच करत राहिलो."

बोलायला दहा सेकंद. मराठीत सावकाश बोललं तर ३० सेकंदांत मोजकेच शब्द मावतात, त्यातले सतरा इथेच गेले. निवेदकाला मात्र त्या ट्रेलरमध्ये पाहुण्यांचं गाव, नोकरीची वर्षं, विठ्ठलभक्ती, एसटीचा इतिहास आणि 'धमाल गप्पा' एवढं सगळं हवं होतं. "कारण एकच," सेकंदराव म्हणाले. "तीन कारणं दिली की माणूस एकही लक्षात ठेवत नाही." आणि 'धमाल गप्पा' हे कारणच नाही, ते आपणच आपल्या पाठीवर मारलेली थाप आहे.

कोणतं कारण द्यायचं यावर त्यांनी दोन चहा घालवले. गाडी वाचली का, असं विचारण्यात अर्थ नव्हता, कारण पाहुणे समोर बसून बोलत होते. गाडी कशी थांबली, हा प्रश्न ते वाक्य आपणहून ऐकणाऱ्याच्या मनात टाकतंच, मग तोच पुन्हा विचारून शब्द कशाला जाळायचे? उरलं ते त्यांनी लिहिलं: "भरल्या गाडीपासून ही गोष्ट लपवणं हेच बरोबर का होतं, ते त्या कंडक्टरकडूनच ऐका." त्यानंतर कार्यक्रमाचं नाव. बस्स.

निवेदकाला दुसरंच वाक्य आवडलं होतं: "त्याच दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं." जोरदार होतं, यात शंका नाही. पण पाहुण्यांचं पुढचं वाक्य होतं, "रात्री बायकोनं झापलं, सकाळी ड्यूटीवर हजर." ते शेपूट तोडून डोकं तेवढं दाखवायला सेकंदराव तयार होईनात. फसलेला श्रोता एकदाच फसतो आणि नेमक्या त्याच मिनिटाला निघून जातो. ॲपच्या आलेखात ती घसरगुंडी दिसते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

मग कापाकापी. पाहुण्यांनी बोलण्याआधी घेतलेला श्वास त्यांनी ठेवला, कारण श्वास कापला की माणूस यंत्रासारखा उगवतो. वाक्यानंतर दीड सेकंद गप्प. पण ही शांतता कोरी नाही: त्याच खोलीतल्या पंख्याची घरघर तिच्याखाली अंथरलेली, नाहीतर ऐकणाऱ्याला फोन बंद पडला असं वाटतं. संगीत त्यानंतर, तेही निवेदकाच्या आवाजाखाली दबलेलं.

"सुरुवातीला ब्रेकचा कर्रर्र आवाज टाका ना," निवेदक म्हणाला.

"अहो, ब्रेक गेलाय," सेकंदराव म्हणाले.

शेवटची परीक्षा त्यांच्या स्वयंपाकघरात होते. फोन ओट्यावर, एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला पोळ्या लाटणाऱ्या वहिनी. भारी हेडफोनवर सगळंच छान वाजतं, म्हणून त्यावर त्यांचा विश्वास नाही. कुकरची शिट्टी झाल्यावर वहिनींनी विचारलं, "मग का नाही सांगितलं त्यांनी?" ट्रेलर पास. 'छान आहे' म्हणाल्या असत्या तर पुन्हा कापला असता.

माणूस हुशार आहे, पण ही विद्या जागच्या जागी राहात नाही. भाचीच्या स्थळासाठी बायोडेटा लिहायचं काम बहिणीनं विश्वासानं यांच्याकडे दिलं. पानभर माहिती, गोत्र, मामांचे हुद्दे, सगळं उडालं. उरलं एवढंच: "मुलीनं पहिला साखरपुडा स्वतः मोडला. का मोडला, ते भेटीत ती स्वतः सांगेल." बहीण अजून बोलत नाही. स्थळं मात्र पटापट यायला लागली आहेत, आणि झाडून सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच आहे.