शिवनेरीला न गेलेली सहल

जानेवारीतल्या पहाटे पाच वाजता धायरीहून कर्वेनगरला स्कूटरवर मागे बसून जाणं हा प्रवासच धरायला हवा. मेहुणे चालवत होते आणि हेल्मेटच्या आतून माफीची तालीम करत होते. राजाराम पुलावर मुठेचा वारा असा लागला की "बाई, आम्ही अत्यंत दिलगीर" एवढंच ऐकू आलं, उरलेलं नदीत गेलं.

भाच्याची शिवनेरीची सहल. रात्री नव्याण्णव ताप भरला. ताई म्हणाली जाऊ दे, आजी म्हणाल्या गडावर वारा असतो, मेहुणे दोघींना "बरोबर आहे" म्हणाले. साडेचारला आजींचा निकाल लागला. बाईंचा फोन बंद. वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकावा, तर त्या वेळी तो वाचणार कोण? बस मात्र सहाला सुटणार.

शाळेसमोर दोन लाल एसट्या उभ्या. बाई पायरीवर, गळ्यात शिट्टी, हातात यादी. मेहुण्यांनी ताप, हवामान आणि आजींचं स्वप्न अशा क्रमाने सुरुवात केली.

"येतोय की नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तेवढंच सांगा. नाव यादीत राहिलं की बस हलत नाही."

माफीची खरी जागा त्या यादीतच होती. नारायणगावला नाश्त्यानंतर डोकी मोजायची, गडाच्या पायथ्याशी मोजायची, मग पाच दरवाजे चढून शिवाई देवीपाशी पुन्हा. त्रेचाळीसऐवजी बेचाळीस भरले की आधी पोटात गोळा येतो, आणि गैरहजर मुलगा आठवतो तो नंतर. म्हणून नाव आत्ताच खोडायचं. बाईंनी कोरा कागद पुढे केला. मेहुण्यांनी स्कूटरच्या सीटवर ठेवून लिहिलं: तापामुळे मुलाला पाठवत नाही, निर्णय आमचा. खाली सही, वेळ, फोन नंबर. आजींच्या स्वप्नाला जागा नव्हती.

"पैशांचं..." मेहुणे हळूच म्हणाले.

"एसटीचा करार अख्ख्या गाडीचा असतो. बाकं रिकामी गेली तरी भाडं तेवढंच."

मेहुण्यांनी विषय तिथेच सोडला, हे त्या पहाटेचं त्यांचं एकमेव शहाणपण. तेवढ्यात खिडकीतून एक मुलगा ओरडला, "काका, माझा जोडीदार कुठाय? चकली तो आणणार होता!" त्याच्या शेजारी दुसरा कुणी बसवायला बाई आत गेल्या. चकलीचा प्रश्न तसाच राहिला.

बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि ताईचा फोन आला. ताप उतरला होता. भाचा बूट घालून, डबा भरून दारात उभा होता. मेहुणे म्हणाले, "चाकणपर्यंत गाठू?" मी स्कूटरचा पेट्रोलचा काटा दाखवला. शिवाय कागदावर त्यांचीच सही होती.

बाईंपुढची माफी पाच मिनिटांत उरकली होती. परतीच्या वाटेवर हेल्मेटच्या आत दुसरी तालीम सुरू झाली, ती इयत्ता चौथीतल्या माणसासाठी होती. ती पुलावर थांबून दोनदा बदलावी लागली.