चिमणी ठेवा, गिरणी पाडा

सोलापूरला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली, तेव्हा गच्च्यांवर मोबाईल धरून जेवढी माणसं उभी होती, तेवढी ती उभी असताना तिच्याकडे कधी बघायला आली नव्हती. विमानाच्या वाटेत येत होती, सुरुंग लावले, काही सेकंदांत खेळ खलास. आमच्या मंद्रूपच्या कट्ट्यावर तेव्हाच निष्कर्ष निघाला होता : चिमणी पाडायला पोलीस बंदोबस्त कशाला? तिला वारसा म्हणून जाहीर करा. दुरुस्तीची परवानगी यायच्या आत ती आपणहून खाली येते.

ती चिमणी काही वारसा नव्हती, अगदी अलीकडची होती. पण तेव्हापासून कट्ट्याला औद्योगिक वारशाचं वेड लागलं आणि विषय सोलापूरच्या गिरण्यांवर गेला. मोरारजी गोकुळदासांनी १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ काढली, तिथून या शहराचं गिरणगाव झालं. अशा गिरणीतलं काय राखायचं, यावर कट्ट्याचं तात्काळ एकमत झालं. चिमणी! कारण चिमणी उंच असते, फोटोत उभी मावते आणि जागा जवळजवळ खात नाही. शेड मात्र एकरांनी जागा खाते, म्हणून ती धोकादायक. मुंबईत फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध अजून दिमाखात उभी आहे. तिच्याखाली काय चालायचं, हे आइस्क्रीम खाणाऱ्याला विचारून बघा.

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा कट्ट्यावर असतात. त्यांनी सगळ्यांचा विरस केला. म्हणाले, विटांची चिमणी राखायची तर आधी ती कलली आहे का बघा. धुरातलं गंधक आतून चुन्याच्या दरजांत मुरतं. पावसाची बाजू ओली राहते, तिथला चुना फुगतो, दरजा जाड होतात आणि चिमणी कोरड्या बाजूला मान टाकते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येचा, म्हणजे कल ईशान्येला.

“मग पाडायची ना, अण्णा?” कट्ट्याच्या आवाजात आशा होती.

“कल जुना असेल तर भ्यायचं कारण नाही, वाढतोय का ते महत्त्वाचं. दरवर्षी मोजायचं. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची. तडा हलला की काच फुटते.”

आपल्या पद्धतीत याला फार वेळ लागतो. आपली पद्धत अशी : ठेकेदार बोलवायचा, त्याने दरजा सिमेंटने घट्ट भरायच्या, वर गेरू फासायचा आणि फीत कापायची. अण्णांच्या मते मारेकरी हाच. विटेत शिरलेलं पाणी पूर्वी मऊ चुन्याच्या दरजेतून बाहेर पडायचं. सिमेंटने ती वाट बंद केली की ते विटेतूनच वाट काढतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सिमेंट मात्र शाबूत राहतं. पाच-दहा पावसाळ्यांनी विटा खंगलेल्या, दरजा ताठ. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं.

मग पाण्याची टाकी आली. जुन्या सूतगिरण्यांत जिन्याच्या बुरुजावर नक्षीदार डोकं दिसतं, त्याला लोक राजवाड्याची हौस समजतात. आत बहुतेकदा टाकी असते. कापसाच्या तुसाला ठिणगी लागली तर छताखालच्या नळांतून पाणी आपोआप बरसावं, त्याला दाब मिळावा, म्हणून ती उंचावर. ते नळ भंगारात विकून टाकी राखली, की उरते नुसती हौस.

शेडचं तर विचारूच नका. करवतीच्या दातांसारखं छप्पर, प्रत्येक दाताची काच उत्तरेकडे. ऊन थेट मागावर पडू नये, पण तुटलेला धागा दिवसभर दिसावा, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. विणकराचं आयुष्य गेलं ते या काचांखाली. चिमणीखाली तो कशाला जाईल? “म्हणून बॉयलर, धुराची वाट, चिमणी आणि शेडचे निदान दोन-तीन दात एकत्र राखा,” अण्णा म्हणाले, “बाकीचं नोंदी घेऊन, मापं काढून सोडा. सगळंच राखता येत नाही, पण जे राखाल त्यातून गिरणी कशी चालायची ते कळलं पाहिजे.”

दोन-तीन दात म्हणजे किती गुंठे, असा प्रश्न आला. उत्तर ऐकून कट्ट्याने नवा ठराव केला : चिमणी ठेवावी, शेडचा फोटो ठेवावा, आणि शेडच्या जागी जे टॉवर उठतील त्यांना ‘गिरणी हाइट्स’ नाव देऊन वारशाचा मान राखावा.

ठरावावर सह्या चालू असताना एकाने चिमणीच्या तोंडावर उगवलेल्या पिंपळाची आठवण काढली. मुळं विटांत शिरलीत, तो आधी काढावा लागेल, असं अण्णा म्हणाले. कट्टा गंभीर झाला. पिंपळ तोडायचा? पाप लागेल. शिवाय वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागेल ती वेगळीच. शेवटी असं ठरलं, की पिंपळाचं संवर्धन करावं आणि चिमणीला त्याचा पार म्हणून मान्यता मिळते का बघावं.